एका दाराला किती वेळ लागतो: नववीतल्या मुलीच्या रांगोळीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच सोसायटीतलं आहे. नाव बदललंय, तिला इथे मुक्ता म्हणू, बाकी ओळख पटेल असं काही ठेवलं नाही. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कोटेशन काढते, म्हणजे गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवतं आणि हा पार्ट करायला किती मिनिटं लागतील आणि किती पैसे सांगायचे हे मी ठरवते, त्यामुळे हिशोबाच्या भागात माझी लुडबूड बरीच आहे हे आधीच सांगते.

पार्श्वभूमी

मुक्ताला रांगोळी शिकवली तळमजल्यावरच्या आजींनी. आजींचे गुडघे गेले, खाली बसता येईना, मग सहावीतली ही पोर रोज शाळेत जायच्या आधी त्यांच्या दारात गोपद्म, स्वस्तिक, दोन रेघा काढायची आणि आजी खुर्चीत बसून सांगायच्या, चिमूट सैल सोड, रेघ तुटते बघ. पुढे ठिपक्यांच्या झाल्या, मग चाळणीने रंग पसरून वर पांढरी रेघ ओढायची, संस्कार भारतीच्या रांगोळीत असते तशी, गोल, कमळं, शंख. नववीपर्यंत हात इतका बसला की दोरीला खडू बांधून एकदा गोल मारला की आतलं सगळं ती न पुसता काढते.

सोसायटी ४८ फ्लॅटची, तीन विंग. आई घरी फॉल-पिको करते, वडील कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. सणाला आधी शेजारच्या काकूंनी बोलावलं, मग त्यांच्या जावेने, मग बी विंगने. कोणी पैशाचं विचारत नव्हतं आणि मुक्ताही सांगत नव्हती. कोणी पन्नास रुपये हातात ठेवायचं, कोणी चिवड्याचा डबा, कोणी "किती गं गुणाची" म्हणून दार लावून घ्यायचं.

अडचण कुठे उघडी पडली

२०२३ ची दिवाळी आठवत असेल तर नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, रविवारी १२ नोव्हेंबरला. म्हणजे पहाटेच्या अभ्यंगस्नानाला दारात रांगोळी हवी आणि संध्याकाळच्या पूजेलाही हवी, आणि दोन्हीसाठी माणूस एकच, तीही नववीतली मुलगी.

तिने ११ दारं कबूल केली होती. चार आदल्या रात्री काढली, साडेबारापर्यंत. उरली सात, आणि ती दुपारी अडीचला निघाली. तिच्या डोक्यात हिशोब होता की एक रांगोळी २५ मिनिटांची, सात झाल्या १७५ मिनिटं, म्हणजे साडेपाचला मी घरी. नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, त्यामुळे हे बसायला हवं होतं.

बसलं नाही. पहिल्या दारात फरशी ओली होती, पुसून वाळेपर्यंत थांबली. दुसऱ्या दारात काकूंनी मोबाईलवर मोराचं चित्र दाखवलं आणि "असंच काढ ना, तुला काय, हातचा मळ" म्हणाल्या, त्या मोराने दीड तास खाल्ला. तिसरीकडे चकचकीत टाइल्स, त्यावर रांगोळी धरतच नाही, चिमटीतून पडली की घसरते आणि रेघ पसरट होते, तिथे गेरू लावला तर तोही धड बसेना, शेवटी गडद रंग चाळून त्याचाच थर दिला आणि त्यावर काढलं. सहाव्या दाराशी पोचली तेव्हा आत आरती सुरू झाली होती, तिथली अर्धीच राहिली आणि त्या बाई चारचौघात बोलल्या, "जमत नव्हतं तर हो कशाला म्हणायचं?" सातव्या दाराला ती गेलीच नाही. सव्वासातला घरी आली तर स्वतःच्या दारात आईने छाप्याने लक्ष्मीची पावलं उमटवून ठेवली होती. ते बघून ती रडली, आणि रडणं मोरामुळे नाही, त्या छाप्यामुळे होतं असं तिच्या आईचं म्हणणं आहे.

भाऊबीज झाल्यावर मी सहज विचारलं की झाले किती जमा. आम्ही दोघींनी वहीत मांडलं. वसुबारस ते भाऊबीज २७ रांगोळ्या. पांढरी रांगोळी सहा किलो १८० रुपये, रंग ४००, गेरू ६०, एकूण ६४०, हे सगळं तिच्या साठवलेल्या पैशातून. हातात आलेले ५१०. म्हणजे तिने खिशातले १३० रुपये घालून जवळपास वीस तास काम केलं होतं, आणि त्यातला निम्मा वेळ सहामाहीच्या पेपरांच्या आसपासचा होता, आणि वर शेवटी बोलणीही खाल्ली.

आई काय म्हणाली

यावर थोडं थांबते कारण पूर्ण प्रकरणात हा भाग मला सगळ्यात अवघड वाटला.

मी म्हटलं पैसे सांगायला लाव. आई म्हणाली, "ताई, शेजाऱ्यांकडून रांगोळीचे पैसे? लोक काय म्हणतील, लक्ष्मीच्या पावलांचं दुकान मांडलं?" मी म्हटलं तुम्ही त्याच शेजाऱ्यांच्या साडीला फॉल लावता, त्याचे १२० घेताच ना. तर म्हणाली तो माझा धंदा आहे, हे तिचं आवडीचं आहे. मी पुढे वाद घातला नाही, पण आवडीचं आहे म्हणून फुकट हे गणित मुलींच्याच बाबतीत जास्त चालतं असं मला वाटतं, त्याच विंगमधला बारावीचा मुलगा लॅपटॉप फॉरमॅट करून द्यायचे ३०० घेतो आणि त्याला कोणी गुणाचा म्हणून सोडत नाही, पैसे देतात.

आईची दुसरी शंका मात्र बरोबर होती. ती म्हणाली, पैसे घेतले की मग लोक मालकासारखे बोलणार, अर्धी राहिली तर नुसतं टोचून बोलणार नाहीत, पैसे परत मागतील. हे खरंय. फुकट कामाला नाही म्हणणं अवघड असतं आणि पैशाच्या कामाला चूक करणं.

शेवटी ठरलं एवढंच की आत्ता दर नको, आधी वेळ मोजू. हा पहिला निर्णय, आणि मला तो आजही योग्य वाटतो. कारण २५ मिनिटं हा तिचा आकडा खोटा नव्हता, फक्त तो चिमूट जमिनीला लागल्यापासून उठेपर्यंतचा होता.

वेळ मोजली, गुढीपाडवा २०२४

आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुनं भांडण नेहमी होतं. गिऱ्हाईक म्हणतं पार्ट तर तीन मिनिटांत निघतो, पैसे एवढे का. तर तीन मिनिटं मशीन चालतं ते, पण जॉब बांधायचा, टूल लावायचं, शून्य पकडायचं, पहिला पीस मोजायचा याला अर्धा तास जातो, त्याला आम्ही सेटिंग म्हणतो, आणि एकच पीस करायचा असेल तर तो अर्धा तास त्या एका पीसवरच बसतो. रांगोळीत तर प्रत्येक दार म्हणजे एकच पीस, दर वेळी नवीन सेटिंग.

९ एप्रिलला पाडवा होता. मुक्ताने सहाच दारं घेतली, ही पण अट होती, आणि मोबाईलचा टायमर लावून वहीत लिहिलं. बेल वाजवली तिथपासून डबे उचलून निघाली तिथपर्यंत.

सरासरी अशी आली. प्रत्यक्ष रेघ आणि रंग, २४ मिनिटं. झाडणं-पुसणं ६. गेरू लावणं आणि तो सुकायची वाट बघणं ८. आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे नुसतं उभं राहणं आणि बोलणं, ९ मिनिटं, "थांब हं, चपला आत घेते", "पाणी घेतेस का", "दहावीला कुठला क्लास लावणार", "हा रंग नको, तो दुसरा दाखव". म्हणजे एका दाराला ४७. आणि घरी डबे भरणं, रंगात पांढरी मिसळून शेड करणं, संध्याकाळी चाळण्या धुणं याचा एक तास, तो सहा दारांत वाटला की प्रत्येकी १०. एकूण ५७ मिनिटं.

तिने वही बघितली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली तर, "मावशी, म्हणजे त्या दिवशी सात होणारच नव्हते." पाच महिने ती धरून बसली होती की आपण हळू काढतो. तिच्या हाताचा काही दोष नव्हता, सात दारांना पावणेसात तास लागतात आणि तिच्याकडे साडेतीन होते.

कुठले पर्याय समोर होते

दर कसा लावायचा यावर मेच्या सुट्टीत आमच्या तिघींची स्वयंपाकघरात बरीच चर्चा झाली, त्यातले चार पर्याय सांगण्यासारखे आहेत.

पहिला आईचा, फक्त सामानाचे घ्यायचे. ६४० भागिले २७ म्हणजे दारामागे २४ रुपये. याने खिशातून जायचं थांबेल, पण मागणी तेवढीच राहील किंवा वाढेल, २५ रुपयांत दारात येऊन कोण काढून देतं, आणि १२ नोव्हेंबरचा गोंधळ परत होईल. तिची खरी अडचण पैसे कमी पडतात ही नव्हती, तास कमी पडतात ही होती.

दुसरा, फुटावर. दोन फुटांची एवढे, चार फुटांची दुप्पट. हे ऐकायला सरळ वाटतं आणि सोसायटीत सगळ्यांना पटलं असतं, पण यात ती बुडाली असती, कारण गोल दोन फुटांचा चार फूट केला की घेर दुप्पट होतो पण आतली जागा चौपट. रंग चौपट लागतो आणि भरायचा वेळही जवळजवळ त्याच मापाने वाढतो. मी तिला वर्तमानपत्र कापून दाखवलं, मग तीच म्हणाली की हे तर आम्हाला भूमितीत आहे, पण रांगोळीत कधी डोक्यात आलं नाही.

तिसरा, तासावर. हा माझा होता आणि चुकीचा होता. मुक्ताने एका मिनिटात मोडीत काढला. म्हणाली, तासावर घेतले तर काकू घड्याळ घेऊन उभ्या राहतील, आणि मी पटापट काढली तर मला कमी मिळणार आणि शिकाऊ मुलीला जास्त. आणि गप्पा त्या मारणार, त्याचे पैसे कसे मागू? बरोबर आहे. तास हा आपल्या वहीत ठेवायचा असतो, समोरच्याला आकडा सांगायचा असतो. हे मी रोज ऑफिसात करते आणि इथे विसरले.

चौथा मग तोच उरला, तीन प्रकार, तीन ठरलेले दर, आणि दर काढायचा वेळेवरून.

तासाची किंमत कशी काढली

इथे अडलो. पाचशे रुपये तास म्हणायला काय हरकत आहे, आणि वीस म्हणायलाही. काहीतरी खुंटी हवी. बाजारात लग्न-समारंभाला रांगोळी काढणाऱ्या बायका घेतात तो दर इथे लागू नाही, त्या मोठं काम घेतात, सामान-गाडी-मदतनीस धरून.

मी आईला विचारलं तुमचा तास कितीचा. तिने कधी काढला नव्हता. फॉल-पिकोचे १२०, त्यातून फॉल आणि दोरा ३५, उरले ८५, आणि ती म्हणाली एका साडीला पाऊण ते एक तास, आपण ५५ मिनिटं धरली. तर तासाला साधारण ९०. मुक्ता म्हणाली मग माझा पण आईएवढाच. आई यावर काही बोलली नाही, पण विरोध जो थांबला तो तिथे थांबला असं मला वाटतं.

मधल्या रांगोळीचा हिशोब असा झाला, ५७ मिनिटांचे ८५ आणि सामान २४ मिळून ११० च्या आत-बाहेर. मी १२० म्हटलं कारण दहातल्या एका दाराला काहीतरी बिघडतंच, मांजर जातं, वारा येतो, परत करावी लागते. आई म्हणाली १०० ठेव, नोट सुटी लागत नाही. सगळे जीपेच करतात तर सुट्ट्याचा प्रश्न कुठे येतो, १२० च राहिले. उंबऱ्याशी पावलं आणि कडेची वेल, १५ ते २० मिनिटांची, ४० रुपये. चार फुटांची मोठी, रंगच शंभराचा आणि सव्वादोन-अडीच तास, ३५० रुपये. मोबाईलवरचं चित्र दाखवून "असंच" म्हणणाऱ्याला मोठीचाच दर, आकार काही असो. हा मोराचा नियम.

दिवाळी २०२४, काय केलं

आता ती दहावीत होती, फेब्रुवारीत बोर्ड. म्हणजे मागच्या वर्षी जो तास टीव्ही बघण्यात गेला असता तो या वर्षी विज्ञानात जाणार होता, तास तोच पण त्याच्या जागी सोडावं लागणारं काम वेगळं. म्हणून आधी आम्ही उलट बाजूने गेलो, दिवाळीच्या आठवड्यात तिला एकूण किती तास द्यायचे आहेत ते तिने ठरवलं, चौदा, आणि त्यात जेवढी दारं बसतील तेवढीच.

लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, शुक्रवारी. दुपारी तीन ते सहा म्हणजे तीन दारं, बस. त्या तीन जागांचं काय करायचं यावर माझं आणि मुक्ताचं खरं भांडण झालं. माझं म्हणणं, त्या तीन तासांना दुप्पट दर लाव, सगळ्यांना तोच वेळ हवाय, रेल्वेत तत्काळला जास्त देतातच की. ती म्हणाली नाही, सणाच्या दिवशी जास्त घेणं मला जमणार नाही, मी आधी येईल त्याला देईन आणि बाकीच्यांना आदल्या रात्री काढून देईन, दर तोच. आणि निम्मे आधी.

विंगच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज तिने स्वतः लिहिला, चार ओळींचा, तीन प्रकार, दर, किती जागा, फरशी झाडून कोरडी करून ठेवावी ही विनंती. ही शेवटची ओळ मला फार आवडली, त्याने दारामागची सहा मिनिटं न भांडता वाचली.

तळमजल्याच्या आजींचं फुकट, हे वहीत पहिल्या पानावर सगळ्यात आधी लिहून टाकलं होतं. फुकट कोणाला करायचं हे आधीच ठरलेलं असलं की दारात उभं राहून कोणाला नाही म्हणताना जीभ अडखळत नाही. आजींना हे कळलं तर त्या म्हणाल्या, "बाळा, मला मोफत आणि बाकीच्यांना विकत, मग माझ्या दारातली सगळ्यात शेवटी काढ, घाई नको." आणि तसंच झालं, ती सगळ्यात निवांत निघाली.

काय झालं

१ तारखेच्या तीन जागांना नऊ जण आले. तिघांना मिळाल्या, चौघांनी आदल्या रात्रीची घेतली, दोघांनी राहू दे म्हटलं. पूर्ण आठवड्यात पैशाची १४ दारं झाली, मागच्या वर्षीच्या २७ च्या जवळपास निम्मी. मधल्या दहा, मोठी एक, छोट्या तीन, जमा १,६७०. सामान ४३०. उरले १,२४०, आणि टायमरवर साधारण १२ तास ४० मिनिटं, म्हणजे तासाला ९८ च्या आसपास. ठरवलेल्या ९० पेक्षा थोडे जास्तच, कारण बऱ्याच जणांनी फरशी खरंच तयार ठेवली होती. पावणेसहाला ती घरी होती आणि स्वतःच्या दारातली रांगोळी तिने स्वतः काढली, घाईत, सगळ्यात साधी.

सगळं गोड झालं असं नाही. एका काकूंनी आठ-दहा दिवस आईशी बोलणं टाकलं, लिफ्टमध्ये कोणाला तरी म्हणाल्या की एवढ्याशा पोरीला धंदा शिकवतायत. त्यांनी छापे आणले, आणि छाप्याची रांगोळी वाईट दिसते असं काही नाही, त्यांचं काम झालं. मोराच्या काकूंनी मात्र गुपचूप ३५० भरले आणि मोरच काढून घेतला.

मोठं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तोच ३५० चा मोर दुसऱ्या दिवशी सकाळी जिना झाडणाऱ्या मावशींकडून अर्धा पुसला गेला. काकूंचे यजमान म्हणाले पैसे दिलेत, परत काढून द्या. मुक्ता म्हणाली मी काढून दिली होती, फोटो आहे. यावर आम्ही आधी काहीच ठरवलं नव्हतं. शेवटी तिने अर्ध्या भागाचा रंग परत भरून दिला, ४० मिनिटं, रंगाचे पैसेही घेतले नाहीत, आणि घरी येऊन पाय आपटले. आईची पाडव्यापूर्वीची शंका ही अशी खरी झाली.

आणि एक, तुळशीच्या लग्नाच्या आसपास जवळच्या एका मंगल कार्यालयवाल्याने निरोप पाठवला की सीझनभर रोज सकाळी दारात काढ, दिवसाचे ५००. घरात सगळ्यांचे डोळे चमकले. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, ही १५ ची होती त्यामुळे तो अडसर नव्हता, पण हिने वही काढली, जाऊन-येऊन अडीच तास, सामान स्वतःचं १००, म्हणजे तासाला १६०, माझ्या दरापेक्षा जास्त आहे मावशी. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली पण सकाळचे अडीच तास माझे गणिताचे आहेत, बोर्ड झाल्यावर विचारा असं कळवा. हा निर्णय तिचा एकटीचा, आम्ही कोणी काही म्हटलं नाही, वडिलांचं तर तोंड पडलं होतं.

परत करायचं झालं तर

रांगोळी काढून झाली, फोटो काढला, तुम्ही बघितली, की ती तुमची, हे मेसेजमध्ये पाचवी ओळ म्हणून हवं होतं. आम्ही पार्टबरोबर इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही घेतो तेच. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये याची लाज वाटते.

दुप्पट दराबद्दल माझं मत अजून डळमळतंय. तिच्या पद्धतीत त्या तीन जागा ज्यांनी ग्रुप आधी बघितला त्यांना मिळाल्या, ज्यांना जास्त गरज होती त्यांना नाही, एका घरी नवीन सुनेची पहिली दिवाळी होती, त्यांचा मेसेज दहा मिनिटं उशिरा आला. पण दुप्पट घेतले असते तर लिफ्टमधलं बोलणं एका काकूंवर थांबलं नसतं, हेही खरं. तिने राहायचं त्याच विंगमध्ये आहे, मी कोटेशन पाठवून फोन ठेवते तसं तिला नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक खुंटीची. आम्ही मुक्ताचा वेळ मिनिटाला मिनिट मोजला पण ज्यावरून दर काढला तो आईचा तास मोजलाच नव्हता, तिने अंदाजाने सांगितला आणि आम्ही धरला. हे मुक्ताच्याच लक्षात आलं, बोर्डाचा शेवटचा पेपर १७ मार्चला झाला त्यानंतर. ३० तारखेच्या पाडव्यासाठी वही उघडली आणि त्याआधी आईशेजारी टायमर लावून बसली, न सांगता. साडी उलगडणं, काठ इस्त्रीने बसवणं, फॉल धुवून वाळवलेला घेणं, हाताने टाके, पिको, परत घडी, मधे दोनदा बेल वाजते, गिऱ्हाईक येऊन ब्लाउजचं बोलून जातं. तीन साड्यांची सरासरी ७० मिनिटं. ८५ रुपयांना ७० मिनिटं, म्हणजे तासाला ७३.

"आई, मी तुझ्यापेक्षा जास्त घेते," असं ती म्हणाली आणि वही आईच्या मशीनवर ठेवून गेली. आईने आधी तिला दटावलं की माझ्यावर टायमर लावतेस होय. दोन दिवसांनी मी साडी टाकायला गेले तर दारावरच्या पाटीवर फॉल-पिको १२० वर खडूने रेघ मारलेली, वर १५०. मला म्हणाली, "ताई, तुम्हाला जुन्याच भावात." मी म्हटलं नको, आणि जीपे केले.